सतत पडत राहणारं घर

[दृश्य: अवकाशस्थानकाच्या आत तरंगणारा अंतराळवीर, शेजारी संथपणे गिरक्या घेणारा चमचा]

‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतात.’ हे उत्तर आपण शाळेपासून ऐकतो. ते चूक आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचावर फिरतं. पण ओढ मोजायची ती पृथ्वीच्या केंद्रापासून. आपण केंद्रापासून ६,३७१ किलोमीटरवर, तर स्थानक ६,७७१ वर. एवढ्याने ओढ कितीशी घटणार? जमिनीवरच्या ८८ टक्के तरी उरतेच. ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर वजनकाटा ठेवला, तर इथे ७० किलो भरणारा माणूस तिथे ६२ च्या आसपास भरेल. तरंगणार मात्र नाही.

काटा आकडा दाखवतो, कारण आपण खाली जाऊ पाहतो आणि तो आपल्याला अडवतो. आता मनोराच काढून घेतला, तर? काटा आणि माणूस एकाच दराने पडू लागतील. पाय काट्याला टेकलेलेच असतील, पण त्यावर दाब पडणार नाही. आकडा शून्य.

[दृश्य: पृथ्वीभोवती स्थानकाची कक्षा]

स्थानकात नेमकं हेच चाललेलं असतं. ४०० टनांहून जड स्थानक, त्यातला माणूस, त्याचा चमचा, सगळे एकत्र पडताहेत. मग ते जमिनीवर का आदळत नाहीत? एका सेकंदाचा हिशोब करू. या एका सेकंदात स्थानक सुमारे ४.३ मीटर खाली पडतं. पण त्याच सेकंदात ते ७.६६ किलोमीटर पुढेही गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून तितकीच, ४.३ मीटर, वळलेली असते. पडूनही उंची तेवढीच! सुमारे ९३ मिनिटांत एक फेरी पूर्ण होते.

अर्थात, हा हिशोब अगदी चोख नाही. त्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली सरकतं, म्हणून अधूनमधून इंजिनं चालवून त्याला वर ढकलावं लागतं. वेग सेकंदाला फक्त १ मीटरने वाढवला, तरी कक्षा सरासरी पावणेदोन किलोमीटर उंचावते.

[दृश्य: इंजिनं सुरू असताना स्थानकाच्या आत]

सगळे एकत्र पडत होते, हे या वेळी उघड्या डोळ्यांना दिसतं. इंजिनं स्थानकाला ढकलतात. मधोमध तरंगणाऱ्या माणसाला कुणीच ढकलत नाही. समजा, वेगातली ही १ मीटरची वाढ १० मिनिटांत केली. पहिल्या काही सेकंदांत काहीच जाणवत नाही. मिनिटभरात मात्र तो माणूस तीन मीटर मागे गेलेला दिसतो. खरं तर तो आपल्या जुन्याच वाटेने पडतो आहे. मागची भिंत त्याच्याकडे येते आहे. ती त्याच्या पाठीला टेकली, की भिंत आता त्यालाही ढकलू लागते, आणि इंजिनं बंद होईपर्यंत त्याला अगदी हलकंसं का होईना, वजन असतं.