मागून मोजायचं, उत्तर मात्र पुढून द्यायचं

मंडळी, आज एकाच प्रकारचा प्रश्न घेऊ. चार इंग्लिश शब्द दिलेले असतात, तिघांत जोर एकाच नंबरच्या सिलेबलवर असतो आणि एकात दुसरीकडे, तो वेगळा शोधायचा. दिसायला एक मार्काचा प्रश्न, पण ज्यांनी नियम छान पाठ केलेत तीच मुलं इथे जास्त चुकताना मी बघितलीयेत, आणि कारण जवळजवळ दरवेळी एकच असतं.

हा सेट बघा: ड्रमॅटिक, डमेस्टिक, फॅन्टॅस्टिक, इकनॉमिक. चारही शब्द इक ने संपतात. नियम सगळ्यांना माहीत असतो की इक च्या अगदी आधीच्या सिलेबलवर जोर येतो. मग मुलं म्हणतात, सर चौघांचा नियम सेम आहे, वेगळा कुठला असणार, प्रश्नच चुकलाय.

प्रश्न बरोबर आहे. नियम शब्दाच्या शेवटाकडून मोजतो आणि प्रश्न सुरुवातीकडून विचारतो, घोळ एवढाच आहे. फोडून बघू. ड्र-मॅ-टिक, इक च्या आधी मॅ, पुढून मोजला तर दुसरा. ड-मेस-टिक, दुसरा. फॅन-टॅस-टिक, दुसरा. आता ई-क-नॉ-मिक, इथे नॉ वर जोर आहे आणि पुढून मोजलं की तो तिसरा येतो. उत्तर इकनॉमिक. नियम एकानेही मोडला नाही, फक्त शब्द एका सिलेबलने लांब आहे. म्हणून मी सांगतो की नियम लावून झाला की पेन्सिलने प्रत्येक शब्दावर आकडा लिहा, २, २, २, ३, आणि मग आकडेच बघा, शब्दाकडे परत बघू नका.

इकनॉमिक मध्ये अजून एक गोम आहे. सुरुवातीच्या ई वर पण थोडा हलका जोर असतो, त्यामुळे मनात म्हणून बघितलं की कान म्हणतो पहिल्यावर आहे. जोर तिसऱ्यावर असलेल्या चार सिलेबलच्या शब्दांत हे फार वेळा होतं, सायंटिफिक घ्या किंवा एज्युकेशन घ्या. तिथे दोन जागा उठून दिसतात, त्यातली नंतरची मुख्य धरायची.

आता आपल्या मराठी कानाची अडचण. मराठीत दिन आणि दीन मध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, पण नुसता जोर इकडचा तिकडे केला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो ऐकायची सवयच आपल्याला नसते. आपण फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक तिन्ही एकाच चालीत म्हणतो. इंग्लिशमध्ये ते साधारण असे होतात: फो-ट-ग्राफ, फ-टॉ-ग्र-फी, फो-ट-ग्रॅ-फिक. जोर पहिल्यावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. आणि बघा, जोर सरकला की मागे राहिलेला स्वर कसा विझतो, फो चा फ होतो. हा जो विझलेला, धड अ पण नाही असा स्वर आहे ना, त्याच्यावर जोर कधीच नसतो. नियम आठवला नाही तर डिक्शनरीतला ऑडिओ लावून हे विझलेले स्वर ऐकायची सवय करा, जोर कुठे नाही हे कळलं की कुठे आहे ते आपोआप उरतं.

सगळीच शेपटं जोर ओढत नाहीत हेही लक्षात ठेवा. नेस, मेंट, फुल, ली ही लावली तरी जोर मूळ शब्दातच राहतो, म्हणजे डिव्हेलप मध्ये दुसऱ्यावर तसा डिव्हेलपमेंट मध्येही दुसऱ्यावरच. आणि इक चे अपवाद थोडेच आहेत, ॲरबिक आणि कॅथलिक मध्ये जोर पहिल्यावर आहे, हे पाठच करा.

शेवटी रेकॉर्ड सारखे शब्द. नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि प्रश्नात वाक्य दिलेलं नसतं, मग मुलं तिथेच अडकून बसतात. अशा वेळी तो शब्द बाजूला ठेवा आणि उरलेले तीन आधी सोडवा. समजा सेट आहे रेकॉर्ड, बिगिन, आन्सर, ऑफर. बिगिन दुसऱ्यावर, आन्सर पहिल्यावर, ऑफर पहिल्यावर. आता रेकॉर्ड क्रियापद धरला तर दोन-दोनची जोडी होते आणि उत्तरच निघत नाही, म्हणजे तो इथे नाम म्हणूनच घ्यावा लागतो आणि वेगळा शब्द बिगिन. उरलेले तिन्ही जर एकाच नंबरवर आले तर मात्र गोंधळलेला शब्दच उत्तर असतो, आणि तो नाम की क्रियापद हे ठरवायची गरजही पडत नाही.