सरासरी भाव खाली, स्टॉप वर

मंडळी, आजच्या पत्रिकेवर ‘पिरॅमिडिंग’ असं छापलंय, म्हणजे नफ्यातल्या सौद्यात टप्प्याटप्प्याने घटती भर घालणं, आणि मी त्यावर बोलणार आहेच. पण आधी माझं एक जुनं रडगाणं ऐकून घ्या.

ट्रेडिंगचं कुठलंही ॲप उघडा आणि आपली पोझिशन बघा. काय दिसतं? नग, सरासरी भाव, चालू भाव, आणि लाल किंवा हिरव्या रंगात नफा-तोटा. स्टॉप म्हणजे तोटा थांबवायला बाहेर पडण्याचा आधीच ठरवलेला भाव. पण ‘आत्ता स्टॉप लागला तर या सगळ्या पोझिशनमध्ये मिळून माझे किती जातील?’ हा आकडा ठळकपणे समोर मांडलेला मी पाहिलेला नाही. मागे कुणीतरी मान हलवतंय, म्हणजे तुमच्याकडे दिसतो. दिसत असेल, चार मेन्यू खणल्यावर! सरासरी भाव मात्र न मागता डोळ्यासमोर. मला विचाराल तर तोट्यातल्या सौद्यात भर घालण्याची निम्मी सवय या एका रकान्याने लावली आहे.

कशी, ते पाहू. तुम्ही 100 भावाने 100 शेअर घेतले आणि ठरवलं, 92 ला बाहेर. म्हणजे 800 ची जोखीम. कुठल्याही चलनात मोजा, हिशोब तोच. भाव 92 ला आला. आता निघायचं होतं. पण तुम्ही आणखी 100 घेतले. सरासरी 96 झाली. बरं वाटलं ना? आधी 8 चढल्यावर सुटका होती, आता 4 च चढायला हवेत. भाव 84 ला गेला, तुम्ही 200 घेतले. सरासरी थेट 90! स्क्रीनवर प्रगतीच प्रगती. मग भाव 76 झाला. तुमच्याकडे 400 शेअर आहेत, प्रत्येकात 14 चा तोटा, एकूण 5600. ज्या सौद्यात 800 घालवायची तयारी होती, त्यात सात पट गेले. स्टॉप कुठे आहे? कुठेच नाही. पहिली भर घातली त्याच क्षणी तो काढून टाकला होता.

आणि गंमत अशी की हे बऱ्याचदा जमून जातं. भाव मागेपुढे होतच असतो, तो परत 90 ला येतो, माणूस सुटतो आणि वर मित्रांना सांगतो, ‘घाबरायचं नसतं.’ भाव ठरावीक पट्ट्यात फिरत असेल तर तोट्यात भर घालणारा दहातले नऊ सौदे जिंकूही शकतो. भाव पट्टा सोडून एकाच दिशेला निघतो, तो दहावा सौदा आधीच्या नवांचं सगळं घेऊन जातो. कारण त्याची पोझिशन सगळ्यात मोठी केव्हा असते? तो सगळ्यात जास्त चुकलेला असतो तेव्हा.

निक लीसनची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण ती मला फार आवडते. (आयोजक घड्याळ बघतायत, बघू द्या.) बेअरिंग्ज ही लंडनची 1762 पासूनची बँक. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात हा तरुण सौदेही करायचा आणि त्या सौद्यांची मागची कागदपत्रंही सांभाळायचा. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचे, असला प्रकार. तोटे जायचे 88888 नावाच्या एका खात्यात, चुकांसाठी उघडलेल्या. 1994 संपलं तेव्हा त्या खात्यात साधारण 20 कोटी 80 लाख पौंडांचा खड्डा होता. भयंकर, पण बँक अजून उभी होती.

17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला आणि तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक खाली जाऊ लागला. लीसनची पोझिशन तेजीची. त्याने निघावं की नाही? त्याने निक्केईचे फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आणखी घेतले. 23 जानेवारीला निक्केई एका दिवसात हजाराहून जास्त अंकांनी कोसळला. त्याने आणखी घेतले. मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांपोटी भरायच्या अनामत रकमेसाठी, लंडनहून पैसे येत राहिले, ही त्यातली खरी करामत! मुख्यालय पैसे पाठवतंय आणि ते कशासाठी हे नीट विचारत नाही. फेब्रुवारी संपता संपता तोटा 82 कोटी 70 लाख पौंडांवर गेला, बँक बुडाली आणि एका पौंडाला विकली गेली. आता मघाचे आकडे पुन्हा बघा. दोन महिन्यांत तोटा जवळपास चौपट. आधीच्या तोट्याने बँक बुडाली नव्हती. ती बुडाली तो भरून काढायला घातलेल्या भरीने.

बरं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता धावतपळत.

तीच सुरुवात: 100 ला 100 शेअर, स्टॉप 92, जोखीम 800. भाव 108 ला गेला. आधी स्टॉप 100 वर आणा, मग 50 शेअर घ्या. हा क्रम उलटा करू नका. आता स्टॉप लागला तर पहिल्या 100 वर शून्य, नव्या 50 वर 400 चा तोटा. पोझिशन दीडपट झाली आणि जोखीम निम्मी. भाव 116 झाला. स्टॉप 108 वर, आणखी 25 घ्या. आता स्टॉप लागला तर पहिल्यावर 800 नफा, दुसऱ्यावर शून्य, तिसऱ्यावर 200 तोटा, म्हणजे 600 पदरात. सरासरी भाव चढून 104.57 झाला, आणि ॲप बघून तुम्हाला उगाच महाग घेतल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

भर घटती का, तेही बघा. उत्साहात 100, मग 200, मग 400 असे घेतलेत आणि स्टॉप तसेच सरकवलेत, तर 116 ला तुमची सरासरी 111.43 आहे. 108 ला स्टॉप लागला की 2400 चा तोटा, तोही सौदा पहिल्यापासून बरोबर असताना! नफ्यात भर घातली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांसाठी हे सांगतोय. उलटा उभा केलेला पिरॅमिड हा तोट्यात भर घालून ॲव्हरेज करण्याचाच सख्खा भाऊ आहे.

स्टॉप म्हणजे हमीही नाही. रात्री काही घडलं आणि 116 चा भाव सकाळी थेट 100 ला उघडला, तर 108 चा स्टॉप 100 ला पुरा होईल. घटत्या भरीत 175 शेअरवर 800 जातील, म्हणजे पहिल्या दिवशी मान्य केलेलेच. उलट्या पिरॅमिडमध्ये 700 शेअरवर 8000.

याची किंमत? आहे, आणि ती नेहमी लपवली जाते. 108 ला भर घातल्यावर भाव 100 ला येऊन पुन्हा 130 ला गेला, तर तुम्ही 400 गमावून बाहेर, आणि स्टॉप 92 वर ठेवून स्वस्थ बसलेला शेजारी 3000 च्या नफ्यात. असं वारंवार होईल. पट्ट्यात फिरणाऱ्या भावात ही पद्धत बारीक बारीक तोटे देत राहते आणि लांब चाल आली तरच ते वसूल होतात. म्हणून स्टॉप हिशोबाच्या सोयीने सरकवू नका. भाव जिथे थबकून पुन्हा उठला त्या तळाच्या जरा खाली तो बसायला हवा. तशी जागा वर तयारच झाली नसेल, तर त्या टप्प्यावर भर घालायची नाही, आहे तेवढ्यावर थांबायचं.

ठरवून तीन हप्त्यांत खाली खाली घेणाऱ्यांचा प्रश्न पहिल्या रांगेतून आलाय. तिन्ही हप्ते धरून एकच स्टॉप आधीच लिहिलेला असेल आणि तो लागला तर एकूण जाणारी रक्कम मूळ 800 च्या आतच असेल, तर माझी हरकत नाही. चौथा हप्ता सुचला की मग मला भेटा.