‘सीझन संपला की’ नको, रविवारची वेळ सांगा

(दादर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नवराबायकोच्या समुपदेशनात हल्ली माझा बराच वेळ व्हॉट्सॲपचे मेसेज वाचण्यात जातो. भांडण तिथेच पेटतं आणि समजूतही तिथेच काढली जाते. आज एकाच मेसेजबद्दल बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

ती सीए, ऑफिस लोअर परळला. तो शाळेत शिक्षक. घर मुलुंडला. ऑगस्टपासून तिचं घरी येणं रात्री अकराच्या पुढे गेलं होतं. गणपतीत तो गावी एकटाच जाऊन आला. परतल्यावर काही बोलला नाही, फक्त जेवायचं थांबणं बंद केलं. तिला ते झोंबलं. मग तिने परतीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या मेसेज टाईप केला: “मला माहितीये तू चिडलायस, पण माझं काम तुला माहीत आहे ना? ३० सप्टेंबर होऊ दे, मग आपण मस्त कुठेतरी जाऊ.” सुदैवाने पाठवायच्या आधी तिने तो मला दाखवला.

यात वाईट हेतू कुठेच नाही. पण त्याच्या जागी बसून वाचा. “तू चिडलायस” म्हणजे त्याच्या मनातलं हिनेच ठरवून टाकलं. “पण” आला आणि त्याआधीचं सगळं पुसलं गेलं. ३० सप्टेंबरचं तर विचारूच नका. टॅक्स ऑडिटची ती तारीख गेली की त्याच अशिलांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर समोर उभी असते, आणि मुदतवाढ मिळाली की तेच काम पुढे सरकतं. लग्नाला सहा वर्षं झालेल्या नवऱ्याला हे तोंडपाठ असतं. “मग कुठेतरी जाऊ” हे त्याने दर वर्षी ऐकलेलं असतं.

जॉन गॉटमन आणि सिबिल करेर या संशोधकांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाच्या विषयावरच्या बोलण्यातली पहिली तीन मिनिटं पाहून पुढे कोणाचा घटस्फोट होईल याचा बराच अंदाज येतो, असं त्यांना दिसलं. ती समोरासमोरची बोलणी होती, मेसेज नव्हते. तरी सुरुवात कशी होते याकडे मी तेव्हापासून जास्त लक्ष देते.

आम्ही मेसेज पुन्हा लिहिला. आधी तिला विचारलं, तुला नेमकं काय दिसलं? ‘तो दुखावलाय’ हा झाला तिचा निष्कर्ष. दिसलं ते ताट. मग असं उतरलं:

“गणपतीत तू एकटा गेलास. आरतीचा व्हिडिओ पाठवलास, तो मी दोन दिवसांनी बघितला. आता तू माझ्यासाठी जेवायचा थांबत नाहीस, आणि ते मला समजतंय. मला तुझ्यासोबत बसायचंय. या रविवारी सकाळी साडेसात ते नऊ बागेत जाऊया का? फोन घरी ठेवते. तुला दुसरी वेळ बरी वाटली तर ती सांग.”

यात कामाचं कारण एकदाही नाही. ते त्याला ठाऊक आहेच. पुन्हा सांगितलं की माफीची वकिली होते. मागणी दीडच तासाची. तिला पूर्ण रविवार द्यायचा होता, मी अडवलं. ऑडिटच्या दिवसांत साहेबांचा फोन दहाच्या पुढे कधीही येतो, आणि दिलेला दिवस अर्ध्यात मोडला तर पुढचा मेसेज कोणी वाचणार नाही. शिवाय दादर-माटुंग्याला जायचं ठरवलं तर रविवारचा मेगाब्लॉक आहेच. बाग चालत पाच मिनिटांवर.

पाठवायची वेळही बघितली. रात्रीचा मेसेज दमलेल्या माणसाला भांडणासारखा वाटतो. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीनंतरच्या त्याच्या रिकाम्या तासाला पाठवला. निळ्या खुणा उमटल्या तरी मागून “???” पाठवायचं नाही, एवढी अट घातली. ती सगळ्यात अवघड गेली.

दोन तासांनी उत्तर आलं: “बघू. येताना दूध आण.” ती रडकुंडीला येऊन मला विचारते, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, “नाही” म्हणाला का? दूध आण.

रविवारी तो आला. पहिला अर्धा तास गावच्या गणपतीचंच बोलत होता: कोण आलं, कोणी तिची चौकशी केली, त्याने काय काय कारणं दिली. तिला प्रत्येक वाक्याला उत्तर द्यावंसं वाटत होतं. तिने दिलं नाही. पुढचा रविवार त्यानेच सुचवला, फक्त आठला, कारण साडेसात त्याला फार लवकर होतात.

एक मर्यादा सांगते. हे सीझनच्या कामाला लागू पडतं. बाराही महिने घरी यायला अकरा वाजत असतील तर मेसेज कितीही मृदू लिहा, दोघांना नोकरीबद्दलच बसून बोलावं लागेल, आणि त्या बोलण्याला दीड तास पुरत नाही.