टपरीचं बजेट: ट्रायँगल आणि टेक्स्चर

मंडळी, बाजारगल्लीच्या लेव्हलसाठी आपण दोन मर्यादा ठरवल्या आहेत. एका फ्रेममध्ये सावल्या धरून दीड लाख ट्रायँगल, आणि सगळ्या टेक्स्चर्सना मिळून १५० एमबी मेमरी. त्यात एक वस्तू कशी बसवायची ते चहाच्या टपरीवरून पाहू, कारण ती गल्लीत १२ वेळा येते.

टेक्स्चरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. टपरीची पीएनजी फाइल डिस्कवर ३ एमबीची दिसते म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण ग्राफिक्स चिप पीएनजी वाचत नाही. ती फाइल आधी उलगडली जाते. २०४८ बाय २०४८ चं टेक्स्चर, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १६ एमबी. मिपमॅपचे त्यात एक तृतीयांश मिळवा, २१ एमबीच्या वर गेलं. रंग, नॉर्मल आणि मास्क असे तीन नकाशे धरले तर एकटी टपरी ६४ एमबी खाते.

म्हणून एएसटीसी कॉम्प्रेशन. यात प्रत्येक ब्लॉक १६ बाइटचाच असतो. ब्लॉकमध्ये किती पिक्सेल कोंबायचे एवढंच आपण ठरवतो. रंग आणि मास्कला ६×६ चालतो. नॉर्मल मॅपला मात्र ४×४ द्या. तिथे ब्लॉक मोठा केला की गुळगुळीत पत्र्यावर प्रकाश पडताच चौकोनी डाग दिसतात, आणि हा दोष रंगाच्या नकाशात कितीही शोधला तरी सापडत नाही.

आता आकार. १०८० ओळींच्या पडद्यावर कॅमेरा जास्तीत जास्त जवळ गेला तरी टपरीची समोरची बाजू साधारण ५०० पिक्सेल उंच दिसते. यूव्हीमध्ये त्या बाजूला निम्मी उंची दिली आहे. म्हणजे १०२४ च्या टेक्स्चरमध्ये तिला ५१२ पिक्सेल मिळतात, पुरेसे आहेत. २०४८ दिलं तर चिप नेहमी दुसरी मिप पातळी उचलेल. सगळ्यात वरची पातळी कधी वाचलीच जाणार नाही, आणि एकूण मेमरीचा तीन चतुर्थांश भाग तर तिनेच अडवलेला असतो. १०२४ वर तिन्ही नकाशे मिळून सुमारे अडीच एमबी होतात. युनिटीच्या सीन व्ह्यूमध्ये `Mipmaps` हा मोड लावून पाहा: लाल दिसलं तर टेक्स्चर गरजेपेक्षा मोठं आहे, निळं दिसलं तर कमी पडतंय. कॅमेरा खेळातल्या जागीच ठेवून पाहा, नाकाला लावून नाही. आणि इंपोर्ट सेटिंगमधली `Read/Write` ची खूण काढलेली आहे ना, तेही बघा. ती राहिली तर तेच टेक्स्चर मेमरीत दोनदा बसतं.

ट्रायँगलकडे येऊ. टपरीवरचा डबा घ्या, १६ बाजूंचा सिलिंडर. ट्रायँगल ६०, ब्लेंडरमध्ये व्हर्टेक्स ३२. इंजिनमध्ये तोच डबा ६६ व्हर्टेक्सचा होतो, कारण झाकणाच्या आणि बुडाच्या कडेला नॉर्मल बदलतो आणि उभ्या शिवणीवर यूव्ही तुटतो. अशा प्रत्येक ठिकाणी व्हर्टेक्सच्या प्रती निघतात. बाजू स्मूथ करायला विसरलात तर ९६. ट्रायँगल मात्र तेवढेच, ६०. म्हणून हँडओव्हर करताना इंजिनमधला व्हर्टेक्सचा आकडा लिहा. यूव्हीची शिवण शक्यतो धारदार कडेवरच घ्या: तिथे व्हर्टेक्स आधीच फुटलेला असतो, त्यामुळे शिवण फुकट पडते.

दूरच्या टपऱ्यांचा त्रास वेगळा आहे. चिप पिक्सेल दोन बाय दोनच्या गटात रंगवते. ट्रायँगल एकाच पिक्सेलएवढा झाला तरी चार पिक्सेलचं काम होतं आणि तीन वाया जातात. ४० पिक्सेल उंचीच्या टपरीवर बरण्यांच्या कडा गोल ठेवल्या की नेमकं हेच होतं. वायरफ्रेममध्ये वस्तू भरीव, ठोकळ्यासारखी दिसायला लागली की समजा, ट्रायँगल फार बारीक झाले.

त्यामुळे टपरीचे तीन एलओडी: २,४००, १,१०० आणि ३०० ट्रायँगल. जवळच्या दोन टपऱ्या पहिल्यावर, मधल्या चार दुसऱ्यावर, उरलेल्या सहा तिसऱ्यावर. बेरीज ११,०००. एलओडी नसते तर २८,८००. सावली टाकणारी वस्तू सावलीच्या नकाशासाठी पुन्हा एकदा काढली जाते, म्हणून शेवटच्या सहा टपऱ्यांची सावली बंद ठेवा आणि जमिनीच्या टेक्स्चरमध्येच गडद पट्टा रंगवा. मग सावलीसाठी फक्त पहिल्या सहांचे ९,२०० वाढतात, आणि बारा टपऱ्या मिळून २०,२०० वर थांबतात.

तिसऱ्या एलओडीत बरण्या, किटली, स्टोव्ह काहीच मॉडेल करू नका. काउंटरच्या एका सपाट पाटीवर त्यांचा रंग बेक करा. छपराची बाह्यरेषा मात्र तीनही पातळ्यांत तीच राहू द्या. एलओडी बदलताना डोळ्याला झटका बसतो तो तिथेच.