तीन टिंबांची शुभ सकाळ

नमस्कार श्रोतेहो. आज रेडिओवर मी अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे, जी कानाला ऐकूच येत नाही. फोनवर दोन शब्दांचा निरोप येतो, 'गुड मॉर्निंग', आणि त्याच्या शेपटाला एक टिंब, किंवा तीन टिंबं, किंवा एखादा हसरा चेहरा लटकलेला असतो. त्या शेपटावरून समोरच्याचा मूड ओळखता येतो का? थोडा येतो. पण आपण समजतो तितका नाही.

टिंबापासून सुरुवात करू. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय 19व्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात. वाक्य कुठे संपलं ते कळावं, एवढंच पूर्णविरामाचं काम. फोनवर मात्र निरोप पाठवला की वाक्य आपोआप संपतं. मग तिथे टिंब कशाला? ते नसलं तरी चाललं असतं, आणि तरीही कुणी ते दिलं, की वाचणाऱ्याला त्यात काहीतरी दिसायला लागतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 मध्ये हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. एका शब्दाचं उत्तर, एकदा टिंबासह, एकदा टिंबाशिवाय. मोबाइलवरच्या निरोपात टिंब असलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं, तर काहीच फरक पडला नाही.

पण हा झाला सरासरीचा हिशेब. तुमच्या भाचीला तो लागू पडेलच असं नाही. समजा, ती पुण्यात होस्टेलवर राहते आणि रोज लिहिते, 'मावशी गुड मॉर्निंग', पुढे दोन उद्गारचिन्हं आणि एक सूर्य. आज आलं, 'गुड मॉर्निंग मावशी', आणि टिंब. सूर्य नाही. इथे पाहायचं ते टिंबाकडे नाही, बदलाकडे. जी मुलगी मुळातच टिंब देऊन लिहिते, तिच्या टिंबाला काही अर्थ नाही. आणि बदल दिसला तरी आधी फोनवर संशय घ्यावा. बऱ्याच फोनांत स्पेसचं बटण दोनदा दाबलं की टिंब आपोआप पडतं. बोलून टाइप केलं तर चिन्हं कधी फोनच घालतो, कधी गाळतो. म्हणून एकाच खुणेवर जाऊ नये. टिंब आलं, सूर्य गेला, नेहमी साडेसातला येणारा निरोप दहाला आला, अशा दोन-तीन गोष्टी जमल्या, तर मात्र लक्ष द्यावं.

आता उत्तर काय द्यायचं? 'का गं, रुसलीस का?' हे नको. एका टिंबावरून तिची झडती घेतल्यासारखं होतं. गुलाबाच्या फुलांचा सुविचार तर नकोच नको. तिचा सूर उतरलेला आहे, तर आपलाही एक पट्टी खाली आणायचा. 'गुड मॉर्निंग गं. आज घाई आहे का? दुपारी दीडपर्यंत मी मोकळी आहे.' प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येतं, आणि बोलायचंच असेल तर वेळही कळली. खरोखर घाईच असेल, तर तुम्ही उगाच काळजीत पडलात हे तिला कळणारही नाही.

तीन टिंबांची गोष्ट वेगळी, आणि घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. तरुण मुलं टिंबं देतात ती बहुधा काहीतरी गिळलं म्हणून. 'ठीक आहे टिंब टिंब टिंब', म्हणजे ठीक नाही. पण पासष्टीच्या काकांचं 'शुभ सकाळ... औषध घेतलं... तू कसा आहेस...' हे पोस्टकार्डाच्या सवयीचं असतं. कार्डावर जागा थोडी, नवी ओळ परवडायची नाही, मग दोन गोष्टींमध्ये टिंबं. त्यात ना टोमणा, ना उदासी. अशा काकांना पुतण्याने 'काय झालं?' विचारलं, तर काकाच घाबरतात. त्यांना सरळ लिहावं, 'नमस्कार काका, मी मजेत. बीपी किती आलं?' काकांची टिंबं अचानक गायब झाली आणि नुसतं 'बरं' आलं, तर तो खरा बदल. तेव्हा लिहीत बसू नये, फोन लावावा.

इमोजींचंही तसंच. जोडलेले हात आपल्याकडे नमस्कारालाही चालतात, आभारालाही, आणि 'आता पुरे करा' यालाही. निरोपाच्या सुरुवातीला आले तर बहुतेक नमस्कार. तुमच्या लांबलचक निरोपावर नुसते हातच आले, तर विषय संपला समजावं आणि त्यावर आणखी हात पाठवू नयेत. नाहीतर दोन्हीकडून हात जोडणं थांबतच नाही.

आणि विचारल्यावर 'काही नाही' असं उत्तर आलं तर? तेच पुन्हा विचारू नका. संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी फोन करा, घरी कधी येतेस, डबा पाठवू का, असं काहीही. आवाजात काही असेल, तर तिथे ऐकू येईल. नमस्कार.