हिरवं ‘सक्सेस’, पण पैसे कुठे?

पडद्यावर आहे तो एका व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याची ओळख: `0x` धरून 66 अक्षरं. पाठवणारा म्हणतो, 500 यूएसडीटी टोकन पाठवले. घेणारा म्हणतो, काहीच आलं नाही. दोघांकडे आपापल्या वॉलेटचे स्क्रीनशॉट आहेत, पण त्यावर वाद मिटत नाही. म्हणून इथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर हॅश टाकला.

आधी `Status` ची ओळ पाहा. इथे `Pending` असतं, तर व्यवहार अजून कुठल्याही ब्लॉकमध्ये गेलेला नसता. एकतर फी कमी पडली, नाहीतर त्याच पत्त्यावरचा आधीचा व्यवहार अडकलाय. लाल `Fail` असतं, तर टोकन जागचे हललेच नसते, फक्त फी गेली असती. इथे मात्र हिरवं `Success` आहे.

आता `To` पाहा. इथे घेणाऱ्याचा पत्ताच नाही! बरेच जण इथे घाबरतात, ते उगाच. टोकन पाठवताना व्यवहार जातो टोकनच्या कॉन्ट्रॅक्टकडे, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या त्याच्या प्रोग्रामकडे, आणि कोणाच्या नावावर किती हे कॉन्ट्रॅक्ट स्वतःच्या नोंदीत बदलतं. म्हणून `Value` समोर शून्य इथर दिसतं. खरी नोंद आहे `ERC-20 Tokens Transferred` या ओळीत. तिथे 500 यूएसडीटी आहेत, आणि शेजारी पोहोचले तो पत्ता.

हा पत्ता पूर्ण उघडू आणि घेणाऱ्याने दिलेल्या पत्त्याखाली ठेवू. दोन्हींची सुरुवात `0x7a3f`, दोन्हींचा शेवट `c91e`. पण सुरुवातीच्या लगेच पुढची चार अक्षरं बघा. वर `08d2`, खाली `5be1`.

हा पत्ता आला कुठून? पाठवणाऱ्याचा इतिहास मागे सरकवला की काही दिवसांपूर्वीची एक नोंद सापडते: याच पत्त्याकडे शून्य यूएसडीटी. ती पाठवणाऱ्याने केलेली नाही. शून्य टोकन हलवायला मालकाची परवानगी लागत नाही, त्यामुळे कुणीही अशी नोंद दुसऱ्याच्या इतिहासात घुसवू शकतो. टोकं जुळणारा पत्ता संगणकावर असंख्य पत्ते बनवून मिळवलेला असतो. वॉलेट पत्त्याच्या मधली अक्षरं लपवतं, आणि पाठवणाऱ्याने इतिहासातूनच कॉपी केलं. याला ॲड्रेस पॉइझनिंग म्हणतात. 500 यूएसडीटी आता त्या दुसऱ्या पत्त्याच्या मालकाचे. व्यवहार उलटवता येत नाही.

पत्ता अक्षरन् अक्षर जुळला असता, तर गोष्ट वेगळी. तो एक्स्चेंजचा ठेव-पत्ता असेल, तर पैसे ब्लॉकचेनवर पोहोचलेत आणि नोंद राहिलीय एक्स्चेंजच्या हिशेबात. तिथे स्क्रीनशॉट नव्हे, हॅश द्यायचा, आणि सोबत नेटवर्कचं नावही. कारण `0x` चा तोच पत्ता पॉलिगॉन आणि बीएनबी स्मार्ट चेन या दुसऱ्या नेटवर्कवरही चालतो, आणि तिथला व्यवहार या इथरस्कॅनवर सापडतच नाही.