केनकेन: वजाबाकीच्या पिंजऱ्यात कोण बसलंय?

(पडद्यावर कागद, त्यावर पेन्सिलने आखलेली सोळा घरं.)

चार आडव्या ओळी, चार उभ्या. प्रत्येक ओळीत १ ते ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत. इथपर्यंत सुडोकूच वाटतं. पण या कागदावर एकही अंक आधी भरून दिलेला नाही. आहेत ते ठळक रेघेने वेढलेले पिंजरे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक खूण: पिंजऱ्यातल्या अंकांवर कोणती क्रिया करायची आणि उत्तर किती यायला हवं.

जपानमधले गणित शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे कोडं तयार केलं. नाव केनकेन. याच जातीची कोडी कॅल्कुडोकू किंवा मॅथडोकू म्हणूनही छापली जातात.

(कॅमेरा खुणांवर.)

आपल्या कागदावर पहिल्या ओळीत डावीकडच्या दोन घरांवर २÷ आहे, उजवीकडच्या दोघांवर १−. तळाच्या ओळीत डावीकडे १−, उजवीकडे ४÷. मधल्या दोन ओळींत डाव्या कडेला उभा पिंजरा ३−, उजव्या कडेला उभा २÷. त्यांच्या मध्ये दोन आडवे पिंजरे, वरचा ७+ आणि खालचा १−.

वजाबाकी आणि भागाकारात मोठ्यातून लहान, मोठ्याला लहानाने, एवढंच ठरलेलं असतं. मोठा अंक कुठल्या घरात, हे खूण सांगत नाही. म्हणून आधी अंक शोधायचे नाहीत, जोड्या लिहायच्या. ३− म्हणजे १ आणि ४, दुसरी जोडीच नाही. ४÷ म्हणजेही १ आणि ४. २÷ च्या मात्र दोन जोड्या: १-२ आणि २-४. घाईत १-२ लिहून पुढे जाणारे इथेच अडकतात. १− च्या तर तीन: १-२, २-३, ३-४.

(हात पहिल्या ओळीवर.)

आता पहिली ओळ. समजा २÷ मध्ये २-४ आहेत. मग ओळीत उरले १ आणि ३. त्यांच्यातला फरक दोनचा, आणि शेजारच्या पिंजऱ्याला हवा एकचा. म्हणजे २-४ बाद. डावीकडे १-२, उजवीकडे ३-४. एकाही घरातला अंक अजून ठरलेला नाही, तरी ओळीची वाटणी झाली.

डाव्या कडेची उभी ओळ बघा. तिथल्या ३− ने १ आणि ४ अडवून ठेवलेत. कोणता वर, कोणता खाली, माहीत नाही. सध्या गरजही नाही. त्या ओळीत १ आता दुसरीकडे येऊ शकत नाही. म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यात २, त्याच्या शेजारी १, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ३.

तळाच्या ओळीत १ आणि ४ हे ४÷ कडे गेले. त्यामुळे ३ च्या शेजारी २.

(उजवी कड.)

उजवीकडचा २÷ पुन्हा दुतोंडी आहे. तिथे १-२ असो की २-४, ३ त्याच्यात बसत नाही. त्या उभ्या ओळीत ३ ला कोपरेच उरतात. खालच्या कोपऱ्यात १ किंवा ४ आहे, म्हणून ३ वरच्या. जोडी न ठरवताच अंक मिळाला! ३ च्या शेजारी मग ४. तिसऱ्या उभ्या ओळीत ४ वर बसला, तेव्हा तळाला त्या ओळीत १, आणि कोपऱ्यात ४. आता कडेच्या पिंजऱ्यात १-२ हीच जोडी.

राहिल्या मधल्या दोन ओळी. ७+ म्हणजे ३ आणि ४. तिसऱ्या उभ्या ओळीत ४ झालाय, म्हणून तिथे ३ आणि त्याच्या डावीकडे ४. या ओळीत ४ आल्यामुळे डाव्या कडेला १, उजव्या कडेला २. दुसरी ओळ १, ४, ३, २. तिसरी ४, ३, २, १. तिथल्या १− शी ताडून बघा: ३ वजा २, बरोबर.

(रबर ७+ ही खूण खोडतं, तिथे १− लिहिलं जातं.)

आता एक खोडी. चारमधून तीन गेले, एकच उरतो. मग ७+ च्या जागी १− का नको? करून बघा. दुसरी आणि तिसरी ओळ आख्खी अदलाबदल करा. उभ्या पिंजऱ्यांना वर-खालीची पर्वा नाही, ते खूश. मधले दोन्ही पिंजरे १−, तेही खूश. एका कोड्याची दोन उत्तरं झाली. कोडं रचणाऱ्याने तिथे बेरीज का ठेवली, ते आता दिसतं: वरच्या जोडीची बेरीज सात, खालच्या जोडीची पाच. फरक मात्र दोन्हींचा एकच.

(पेन्सिल पुन्हा ७+ लिहिते.)